फाटक घासतंय? आधी वरची बिजागरी बघा

स्वारगेटजवळच्या मुकुंदनगरातल्या जुन्या सोसायट्यांत असतं तसं एखादं लोखंडी फाटक घ्या: रुंदी 1.2 मीटर, वजन 60 किलो, दोन बिजागऱ्यांत 1 मीटर अंतर. वजनाचा मध्य खांबापासून 60 सेंटिमीटरवर येतो. त्यामुळे वरची बिजागरी सुमारे 36 किलो जोराने बाहेर ओढली जाते आणि खालची तेवढ्याच जोराने आत दाबली जाते. म्हणून आधी ढिली होते ती वरचीच. ती 5 मिलिमीटर सरकली, की कडीकडचं टोक 6 मिलिमीटर खाली येतं. कडी भोकात न बसायला तेवढं पुरतं.

अशा वेळी फाटकाचा खालचा पट्टा कापायची घाई नको. तो कापला तरी बिजागरीची झीज चालूच राहते. कडीकडचं टोक हाताने उचला आणि वरच्या बिजागरीकडे बघा. खीळ हलत असेल तर ती झिजली आहे, बदला. खांबातला पत्रा हलत असेल तर फाटकाखाली पाचर ठोकून ते मूळ उंचीवर आणा आणि मगच पत्रा पक्का करा. दोन्ही घट्ट असतील तर चौकटीचे कर्ण मोजा. ते असमान निघाले, तर चौकटच तिरकी झाली आहे. ती सरळ करून वरच्या बिजागरीपासून खालच्या कडीकडच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी पट्टी वेल्ड करून घ्या.