खाली थेंब नाही, तरी कूलंट गायब!

जुन्या कारने अकोल्याहून राजूरमार्गे भंडारदऱ्याला निघताय? मग सकाळी इंजिन गार आणि गाडी सपाट जागी असताना कूलंटच्या बाटलीवर पातळीपाशी मार्करने खूण करा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघा. गरम गाडीत पातळी वर दिसतेच, ती धरायची नाही.

समजा, पातळी बोटभर उतरलीय, पण गाडीखाली एक थेंब नाही. अशा वेळी संशय घ्यायचा तो रेडिएटरच्या झाकणाचा. त्यातली स्प्रिंग कूलंट दाबाखाली ठेवते. झाकणावर 0.9 छापलंय म्हणजे 0.9 बार दाब. त्या दाबात पाणीसुद्धा 115 अंशांच्या पुढे गेल्यावर उकळतं. स्प्रिंग सैल पडली की चढावर कूलंट लवकर उकळतं, बाटलीत ढकललं जातं आणि जास्तीचं नळीतून रस्त्यावर उडून जातं. घरी पोचेपर्यंत सगळं सुकलेलं! डाग दिसणार कुठून?

उलटंही होतं. झाकणातली छोटी परतीची झडप अडकली तर बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा. गार झाल्यावर वरचा रबरी पाइप चपटा दिसला, तर हेच समजा.

काटा चढला किंवा लाल दिवा लागला की गाडी बाजूला घेऊन बंद करा. गरम झाकणाला हात लावायचा नाही, उकळतं कूलंट अंगावर येतं. आणि काटा अचानक खाली आला तर खूश होऊ नका; कूलंट संपून सेन्सर उघडा पडला असेल.

गॅरेजमध्ये झाकण प्रेशर टेस्टरवर लावून बघायला सांगा. नवं झाकण बसवूनही पातळी उतरतेय? मग हेड गॅस्केट तपासा.