ऐंशी अक्षरांत महिन्याचा हिशेब

लातूरहून पुण्यात शिकायला आलेल्या मुलाला घरून महिन्याला 9,000 रुपये येतात असे धरू. कॉट बेसिसवरच्या खोलीचे 3,500, मेसचे 3,000 आणि अभ्यासिकेचे 1,000 गेले की हातात उरतात 1,500, म्हणजे दिवसाला 50. पैसे आले त्या दिवशी मात्र खात्यात 9,000 दिसतात आणि तिथेच घोटाळा होतो. अशा मुलासाठी खर्चाचे ॲप बनवणाऱ्याने गुगल प्लेवरच्या वर्णनात आधी हा 50चा आकडा कसा निघतो ते सांगायला हवे.

तिथे ॲपच्या नावाला 30 आणि छोट्या वर्णनाला 80 अक्षरांची मर्यादा आहे. त्यात काना-मात्राही मोजल्या जातात, त्यामुळे मराठीत जागा लवकर संपते. खाली सविस्तर वर्णनाला 4,000 अक्षरे मिळतात; पण बहुतेक जण ते उघडतच नाहीत. ‘तुमच्या आर्थिक स्वातंत्र्याचा सोबती’ या ओळीतून काहीच कळत नाही. त्याऐवजी ‘भाडे-मेसचे पैसे बाजूला ठेवून आज किती खर्च चालेल ते रोज सकाळी सांगणारे ॲप’ ही ओळ 80 अक्षरांत बसते आणि मुलाला नेमके हवे ते सांगते.

सविस्तर वर्णनाचा खरा कस लागतो तो ‘खर्च आपोआप नोंदवला जातो’ या दाव्यावर. अँड्रॉइड फोनवर अशी ॲप्स बँकेचे मेसेज वाचून नोंद करतात. टपरीवर रोख दिलेले दहा रुपये त्यांना कळत नाहीत. यूपीआय लाइटमधून दिलेल्या प्रत्येक चहाचाही बँकेकडून वेगळा मेसेज येत नाही. लाइटमध्ये 500 रुपये भरल्याचा तेवढा येतो. मग ॲप त्या दिवशी 500 खर्च झाले असे दाखवते आणि पुढचा आठवडा कोरा राहतो. चौघांच्या जेवणाचे बिल एकाने भरले, तर सगळा खर्च त्याच्याच नावावर चढतो. या नोंदी हाताने दुरुस्त कराव्या लागतात, हे वर्णनात स्पष्ट लिहिलेले असावे. आयफोनवर तर ॲपला मेसेज वाचताच येत नाहीत, म्हणून तिथे हेच वर्णन जसेच्या तसे चिकटवणे म्हणजे फसवणूक आहे. असा दावा वाचून ॲप घेतलेला मुलगा दोन दिवसांत ते काढून टाकतो आणि त्याची तक्रार रास्तच असते.

मेसेज वाचण्याची परवानगी गुगल सरसकट देत नाही. पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या ॲपना ती मिळू शकते. पण त्यासाठी कारण जाहीर करावे लागते. माहिती कुठे जाते याचा तपशील ‘डेटा सुरक्षितता’ या भागात असतो, मात्र तो ॲप बनवणारा स्वतःच भरतो. म्हणून वर्णनातही एक साधे वाक्य हवे: मेसेज फोनमध्येच राहतात की कंपनीच्या सर्व्हरवर जातात?

मुलाच्या फोनवर असे ॲप घेण्याआधी पालकांनी त्याच्याबरोबर बसून वर्णनात हे उत्तर शोधावे. ते सापडले नाही, किंवा हिशेबाच्या ॲपमध्ये तातडीच्या कर्जाची जाहिरात दिसली, तर ते ॲप घेऊ नये.