दहा लाख पदं मिळवूनही न कळणारी बेरीज

दोन अनंत श्रेणी शेजारी ठेवून पाहा. पहिलीचं पद 1/(n log n), दुसरीचं 1/(n (log n)²). दोन्ही n = 2 पासून सुरू करायच्या, कारण १ चा लॉगरिथम शून्य आणि शून्याने भागता येत नाही. लॉगरिथम इथे नैसर्गिक घेतला आहे. पाया बदलला तर प्रत्येक पदाला एकाच ठरावीक संख्येने गुणल्यासारखं होतं, निकाल बदलत नाही.

संगणकावर दहा लाखाव्या पदापर्यंत बेरीज केली तर पहिली सुमारे ३.४२ येते आणि दुसरी सुमारे २.०४. दोन्ही जवळजवळ थांबल्यासारख्या दिसतात. प्रत्यक्षात पहिलीला कोणतीच मर्यादा नाही, ती अपसारी आहे. दुसरी अभिसारी आहे आणि २.१०९७ च्या आसपास स्थिरावते. नुसत्या आकड्यांकडे पाहून हा फरक ओळखता येत नाही. शाळा-कॉलेजात पहिल्यांदा शिकवली जाणारी गुणोत्तर कसोटीही इथे गप्प बसते, कारण लागोपाठच्या पदांचं गुणोत्तर दोन्हींत १ कडे जातं.

१८२७ मध्ये ऑलिव्हिए या गणितज्ञाने एक सोपा निकष मांडला होता: पदाला त्याच्या क्रमांकाने गुणल्यावर गुणाकार शून्याकडे जात असेल, तर श्रेणी अभिसारी. पुढच्याच वर्षी नील्स आबेलने 1/(n log n) पुढे करून तो खोडून काढला. गुणाकार 1/log n येतो, तो शून्याकडे जातो, तरी बेरीज वाढतच राहते.

मग कळायचं कसं? त्याची युक्ती ऑग्युस्तँ-लुई कोशीच्या १८२१ च्या विश्लेषणावरील पाठ्यपुस्तकात आहे. तिला संघनन कसोटी म्हणतात. पदांचे गट पाडायचे, पण प्रत्येक गट आधीच्या दुप्पट: २ आणि ३ हा पहिला, ४ ते ७ दुसरा, ८ ते १५ तिसरा. k क्रमांकाच्या गटाची सुरुवात 2ᵏ पासून होते आणि त्यात पदंही तितकीच असतात. पदं उतरत्या क्रमाने असल्यामुळे गटातलं पहिलं पद सर्वांत मोठं. म्हणून गटाची बेरीज पहिलं पद गुणिले पदांची संख्या याहून जास्त होऊ शकत नाही.

दुसऱ्या श्रेणीवर हे करून पाहू. 2ᵏ चा लॉगरिथम k log 2 असतो. म्हणून k क्रमांकाच्या गटाची वरची मर्यादा अशी:

2ᵏ × 1/(2ᵏ (k log 2)²) = 1/(k² (log 2)²)

इथेच खरी गंमत आहे. 2ᵏ वर-खाली कटून गेला आणि लॉगरिथमच्या जागी साधा k उरला. पहिल्या गटाची खरी बेरीज १.३२, तर मर्यादा २.०८. 1/k² ची अनंत बेरीज π²/6, म्हणजे सुमारे १.६४५. तिला (log 2)² ने, म्हणजे ०.४८ ने भागलं की ३.४२ मिळतात. आपली बेरीज याच्या पलीकडे कधीच जाणार नाही. पदं धन असल्याने बेरीज फक्त वाढू शकते, आणि वाढीला छत असल्याने ती कुठेतरी स्थिरावतेच.

पहिल्या श्रेणीवर हीच क्रिया केली तर 1/(k log 2) उरतं. ही हरात्मक श्रेणी, आणि ती अपसारी आहे. मात्र वरची मर्यादा अनंत आली एवढ्याने काही सिद्ध होत नाही, खालूनही आधार हवा. तो असा: गटातलं प्रत्येक पद पुढच्या गटाच्या पहिल्या पदाहून मोठं असतं, आणि पुढच्या गटात पदं दुप्पट असतात. म्हणून गटाची बेरीज पुढच्या गटाच्या मर्यादेच्या निम्म्याहून जास्तच भरते. अनंताचं निम्मंही अनंतच. लॉगरिथमचा घात p असेल तर 1/kᵖ उरतं: p एकाहून मोठा असेल तर अभिसारी, नाहीतर अपसारी.

पदं उतरती असणं मात्र सोडता येत नाही. n ही २ ची घात असेल तेव्हा पद 1/n आणि एरवी शून्य, अशी श्रेणी घ्या. तिची बेरीज 1 + 1/2 + 1/4 + …, म्हणजे नेमकी २ होते. कसोटी मात्र 1 + 1 + 1 + … दाखवते. कसोटी लावण्याआधी पदं उतरत आहेत का, हे तपासलंच पाहिजे. सुरुवातीची काही पदं बेशिस्त असली तर चालतं.

अभिसारी ठरली म्हणून श्रेणीची किंमत हाती आली, असंही नाही. दुसऱ्या श्रेणीत N पदांनंतर उरलेली बेरीज साधारण 1/log N असते. दहा लाखांनंतरही ०.०७ बाकी. ती ०.०१ वर आणायची तर N मध्ये ४४ अंक हवेत.

पद 1/(n log n log log n) असेल तर n = 3 पासून सुरुवात करून एकदा संघनन केल्यावर 1/(k log k) सारखी श्रेणी उरते, म्हणजे आपली जुनी पहिलीच, आणि दुसऱ्यांदा केल्यावर हरात्मक. तीही अपसारी. पण दहा लाख पदांनंतर तिची बेरीज आणखी फक्त १ ने वाढवायची, तर पदांची संख्याच सुमारे साडेपाचशे अंकी लागते.