स्लाइडवर नसलेली मिनिटे

माझी नात चौलच्या एका शाळेत तिसरीत शिकते. स्नेहसंमेलनाच्या तीन आठवडे आधी तिच्या वर्गशिक्षिकांचा फोन आला. "काका, सूत्रसंचालनाची संहिता लिहून द्याल का? कार्यक्रमपत्रिका स्लाइडवर तयार आहे, तिच्यामध्ये चार वाक्ये घातली की झाले." निवेदन करणार होते नववीतले दोघे, एक मुलगा आणि एक मुलगी. मागल्या वर्षी याच मुलीवर पडदा उघडेना म्हणून तीन मिनिटे काही न बोलता उभे राहण्याची पाळी आली होती, आणि मैदानातून शिट्ट्या ऐकू आल्या होत्या. शिक्षिकांनी हे सांगितले, तेव्हा मी होकार दिला.

स्लाइड चौदा होत्या. सायंकाळी ६ ते ७ औपचारिक कार्यक्रम आणि ७ ते ८.४५ विविध गुणदर्शन. गुणदर्शनात पंधरा कार्यक्रम होते आणि प्रत्येकापुढे '७ मिनिटे' असे लिहिले होते. पंधरा साते एकशे पाच. बेरीज अचूक होती. परंतु बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला सगळीकडे एकच आकडा दिसला की शंका येते. मी शिक्षकांकडून प्रत्येक गाण्याच्या ट्रॅकची प्रत्यक्ष लांबी मागवली. दहा नृत्ये सरासरी चार मिनिटांची, म्हणजे चाळीस. दोन गीते मिळून आठ. सातवीचे नाटक अठरा. मानवी मनोरे सहा आणि लहानांची वेशभूषा आठ. एकूण ऐंशी मिनिटे. उरलेली पंचवीस मिनिटे मधल्या चौदा फटींची होती, आणि त्या फटींना स्लाइडवर कोठेही जागा नव्हती. निवेदकाचे सारे काम मात्र त्या फटींतच असते.

फट किती मोठी, हे निवेदकाच्या शब्दांवर ठरत नाही. पडद्यामागच्या कामावर ठरते. एक नृत्यसंघ विंगेत जाऊन दुसरा आपल्या जागी उभा राहायला, रंगीत तालमीत घड्याळ लावून पाहिले तर, दीड मिनिट लागत होते. नाटकाचे नेपथ्य मांडायला चार मिनिटे आणि आवरायला अडीच. म्हणजे नाटकाच्या दोन फटींची साडेसहा आणि उरलेल्या बारांची अठरा, मिळून साडेचोवीस मिनिटे. शिल्लक अर्धे मिनिट. इतक्या तुटपुंज्या शिलकीवर कोणताही व्यापारी दुकान चालवणार नाही.

म्हणून लेखणी उचलण्यापूर्वी मी क्रम बदलण्याची विनंती केली. दोन्ही गीते पडद्यापुढे उभे राहून म्हणता येत होती. एक गीत नाटकाच्या अगोदर आणि एक नंतर ठेवले. मुले पुढे गात असताना मागे नेपथ्य मांडले जाणार आणि पुढच्या गीताच्या वेळी ते आवरले जाणार. नाटकाच्या आजूबाजूच्या चार फटी प्रत्येकी अर्ध्या मिनिटावर आल्या. त्यांची दोन मिनिटे आणि उरलेल्या दहांची पंधरा, मिळून सतरा. आता आठ मिनिटे शिल्लक राहिली. निवेदनाचे एक वाक्यही न लिहिता झालेली ही बचत होती.

त्यानंतर शब्दांकडे वळलो. मुलीला एक परिच्छेद माइकवर वाचायला लावला. तिची गती मिनिटाला सुमारे एकशे दहा शब्द भरली. दीड मिनिटात एकशे साठहून अधिक शब्द मावतात. परंतु टाळ्या आणि श्वास यांनाही वेळ लागतो, म्हणून मी प्रत्येक फटीसाठी नव्वदच शब्द लिहिले. त्याखाली चौकटीत साठ शब्दांचा 'जादा' परिच्छेद ठेवला. विंगेतल्या शिक्षिकेने हात वर केला, तरच तो वाचायचा. अंगठा दाखवला, तर थेट शेवटच्या वाक्यावर जायचे.

हे शेवटचे वाक्य मी संहितेत लाल शाईने लिहिले आणि ते एका अक्षरानेही बदलू नये, असे दोघांना बजावले. कारण ते प्रेक्षकांपेक्षा साउंडवाल्यासाठी असते. ते ऐकूनच तो ट्रॅक सुरू करतो. निवेदकाने ऐन वेळी त्याच्यापुढे एखादी चारोळी जोडली, तर अर्धे गाणे निवेदनावरच वाजून जाते आणि मुलांची पहिली पावले चुकतात. साउंडवाल्याच्या हाती मी फक्त ही पंधरा वाक्ये आणि त्यांपुढे ट्रॅकचे क्रमांक एवढाच एक कागद दिला.

सातवीचे नाटक चौल बंदरावर होते. अर्ध्या मिनिटाच्या फटीसाठी लिहिलेले निवेदन असे : "पंधराव्या शतकात रशियातल्या त्वेर शहराचा अफनासी निकितिन हा व्यापारी समुद्रमार्गे आपल्या चौलला उतरला. त्याच्याजवळ विकायला आणलेला एक घोडा होता. आपल्या गोऱ्या रंगाचे लोकांना नवल वाटते आणि ते मागोमाग येतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्या घोड्याचे पुढे काय झाले? पाहू या, सातवीचे नाटक." घोडा जुन्नरच्या खानाने हिरावून घेतला आणि पुढे तो परत मिळाला, ही हकिकत मी मुद्दाम लिहिली नाही. ती मुलांनी रंगमंचावर सांगायची होती. निवेदनाने प्रेक्षकाला दारापर्यंत आणून सोडावे.

नावांचा घोळ निराळाच. स्लाइडवरची नावे रोमन लिपीत होती. Kale म्हणजे काळे की काले? Sathe म्हणजे साठे की साथे? धनादेशावरचे एक अक्षर चुकले तर तो परत येतो; व्यासपीठावर आजी-आजोबांसमोर नातवाचे नाव चुकले तर ते परत घेता येत नाही. पाहुण्यांची आणि अठ्ठेचाळीस बक्षीसपात्र मुलांची नावे वर्गशिक्षकांकडून विचारून देवनागरीत लिहून घेतली आणि निवेदकांकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतली. सहा नावे दुरुस्त झाली.

एक गोष्ट संहितेच्या आवाक्याबाहेरची असते. पाहुण्यांना उशीर झाला, तर निवेदन छाटून वेळ भरून काढता येत नाही. निवेदक गप्प बसला तरी पोशाख बदलायला दीड मिनिट लागतेच. उघड्या मैदानावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालवता येत नाही, म्हणून कार्यक्रम अमर्याद लांबवताही येत नाही. काट मारायची ती औपचारिक भागात. मुख्याध्यापकांशी आधीच ठरले होते की आठ मिनिटांहून अधिक उशीर झाल्यास वर्गवार बक्षिसे दुसऱ्या दिवशी वर्गात द्यायची. संहितेत त्यासाठी एक वेगळे पान जोडले होते.

पाहुणे वीस मिनिटे उशिरा आले आणि ते पान वापरावे लागले. पुढे मानवी मनोऱ्यांपूर्वी गाद्या अंथरायला वेळ लागला, तेव्हा विंगेतला हात वर गेला. मागल्या वर्षी गप्प उभी राहिलेली ती मुलगी चौकटीतला परिच्छेद शांतपणे वाचू लागली. तो संपत आला, तेव्हा विंगेत अंगठा दिसला, आणि तिने लाल शाईचे वाक्य उच्चारले.