हाकेला वळते, मग कमी ऐकू कसं येतं?

अडीच वर्षांची मुलगी. हाक मारली की वळते, कुकरच्या शिटीला दचकते, पण शब्द मोजकेच आणि अर्धवट बोलते. श्रवणतपासणीनंतर आईवडिलांच्या हातात आलेल्या कागदावर एक आलेख असतो आणि खाली एक ओळ: ‘दोन्ही कानांत मध्यम स्वरूपाचा सेन्सरीन्यूरल श्रवणदोष.’ घरात मुलगी ऐकताना दिसते, मग हे कसं? उत्तर त्याच आलेखात आहे.

या आलेखाला ऑडिओग्राम म्हणतात. त्यात डावीकडून उजवीकडे जाताना आवाजाची पट्टी चढत जाते. डाव्या टोकाला २५० हर्ट्झ म्हणजे ढोलासारखा जाड आवाज, उजवीकडे ४००० आणि ८००० हर्ट्झ म्हणजे बारीक, टोकदार आवाज. वरून खाली जाताना आवाज मोठा होत जातो. म्हणजे खूण जितकी खाली, तितका मोठा आवाज त्या पट्टीत लागतो. लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्या कानाच्या.

या मुलीच्या दोन्ही कानांच्या खुणा जवळजवळ एकावर एक आहेत. ५०० हर्ट्झला ३० डेसिबल, १००० ला ४०, २००० ला ६० आणि ४००० ला ७०. रेघ उजवीकडे घसरत गेली आहे. ५००, १००० आणि २००० या तीन पट्ट्यांची सरासरी काढली तर ती ४३ येते. साधारण ४१ ते ५५ डेसिबलच्या दोषाला ‘मध्यम’ म्हणायची पद्धत आहे, म्हणून अहवालात तो शब्द आला. मात्र ४३ डेसिबल म्हणजे ४३ टक्के बहिरेपण नव्हे. डेसिबलची मोजपट्टी सरळ वाढत नाही. दर १० डेसिबलला आवाजाची तीव्रता दहापट होते.

शिवाय सरासरीने महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. बोलण्यातले स्वर आणि म, न यांचा जोर खालच्या पट्टीत असतो. स, श यांसारखी व्यंजनं बारीक पट्टीतली, आणि मुळातच हळू आवाजाची. जवळून हाक मारली तर नावातले स्वर या मुलीपर्यंत पोहोचतात, म्हणून ती वळते. पण ‘साखर’मधला स तिला जवळजवळ ऐकूच येत नाही. जो आवाज कानावर पडत नाही, तो जिभेवर तरी कुठून येणार?

‘सेन्सरीन्यूरल’ हा शब्द दोष कुठे आहे ते सांगतो. हेडफोनमधला आवाज बाह्यकर्ण आणि मध्यकर्ण ओलांडून आत जातो. दुसऱ्या चाचणीत कानामागच्या हाडावर छोटं कंपक ठेवतात. त्याची कंपनं हाडातून थेट अंतर्कर्णात पोहोचतात. दोन्ही रेघा जवळजवळ असतील, तर अडचण अंतर्कर्णात किंवा श्रवणनसेत. या मुलीचं तसंच आहे. हेडफोनवर ४० आणि हाडावर १० असं आलं असतं, तर मध्ये ३० डेसिबलची दरी पडली असती. तो ‘कंडक्टिव्ह’ दोष. लहान मुलांत तो बहुतेकदा पडद्यामागे साचलेल्या पाण्यामुळे होतो आणि टिम्पॅनोमेट्रीची रेघ सपाट येते. हे पाणी अनेकदा काही आठवड्यांत आपोआप ओसरतं. टिकून राहिलं तर कान-नाक-घसा तज्ज्ञ उपचार ठरवतात. दोन्ही दोष एकत्र असले की तो ‘मिश्र’.

एवढ्या लहान मुलाचा आलेख वाचताना दोन प्रश्न विचारावेत. पहिला, आवाज हेडफोनमधून दिला की खोलीतल्या स्पीकरमधून? स्पीकरवरची चाचणी दोन्ही कानांची मिळून असते, त्यामुळे एक कान चांगला असेल तर दुसऱ्याचा दोष लपतो. दुसरा, मूल शेवटपर्यंत लक्ष देत होतं का? आवाज आला की खेळणं उजळतं आणि मूल तिकडे बघतं, अशी ही चाचणी असते. मूल कंटाळलं की अगदी हळू आवाजाला वळायचं सोडून देतं आणि आलेख खऱ्यापेक्षा वाईट येतो. म्हणून झोपेत होणाऱ्या बेरा चाचणीशी तो ताडून बघतात. बेराचंही एक आहे: ‘क्लिक’ आवाजावरची बेरा मुख्यतः बारीक पट्टीचं सांगते. जाड आवाजांसाठी ‘टोन बर्स्ट’ बेरा वेगळी करावी लागते.

श्रवणयंत्र याच आकड्यांवरून लावलं जातं. या मुलीच्या यंत्राने जाड आवाज थोडे आणि बारीक आवाज बरेच वाढवायला हवेत. सगळे सारखे वाढवले तर कुकरची शिटी असह्य होईल आणि स तरीही निसटेल. त्यामुळे प्रत्येक आलेखाची प्रत जपून ठेवावी. पुढच्या तपासणीत एखाद्या पट्टीत ५ डेसिबलचा फरक दिसला तर तो चाचणीतला नेहमीचा चढउतार असतो. शेजारशेजारच्या दोन-तीन पट्ट्यांत १० किंवा जास्त डेसिबलने रेघ खाली गेली, तर मात्र आधी मध्यकर्ण तपासून घ्यावा आणि यंत्राची मांडणी नव्याने करून घ्यावी.