पैसे गेले, पावती कुठे?
(ऑनलाइन सरकारदरबारी : लेखांक ६)

मागच्या आठवड्यात घरपट्टीचं बिल ऑनलाइन कसं वाचायचं ते पाहिलं. आता ते भरल्यानंतरच्या एका नेहमीच्या पेचाकडे वळू. समजा, सवलतीची शेवटची तारीख ३१ मे. रात्री साडेदहाला तुम्ही महापालिकेच्या संकेतस्थळावरून यूपीआयने १८,६४० रुपये भरले. मोबाइलवर हिरवी खूण आली, बँकेचा एसएमएसही आला. पण महापालिकेचं पान गोल फिरत राहिलं आणि शेवटी कोरं झालं. पावती नाही. पुन्हा बिल उघडलं तर थकबाकी तशीच, १८,६४०.

अशा वेळी हात पुन्हा ‘भरा’ या बटणाकडे जातो. तो आवरायला हवा, कारण ती हिरवी खूण महापालिकेची नसतेच. ती तुमच्या यूपीआय ॲपची असते. पैसे तुमच्या बँकेतून निघून मधल्या पेमेंट गेटवेच्या खात्यात पडले, एवढंच ती सांगते. म्हणूनच खातेउताऱ्यावर पुष्कळदा महापालिकेऐवजी बिलडेस्क किंवा पेयूसारखं नाव दिसतं आणि लोक उगाच दचकतात. पुढचं काम गेटवेचं. रक्कम मिळाल्याचा निरोप त्याने महापालिकेच्या संगणकाला द्यायचा, मग तिथे तुमच्या मालमत्ता क्रमांकावर नोंद होणार आणि त्या नोंदीतून पावती निघणार. शेवटच्या रात्री गर्दीत नेमका हाच निरोप हरवतो.

हरवलेला निरोप शोधण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. गेटवे व्यवहारांची यादी पाठवतो, कर विभाग ती आपल्या नोंदींशी ताडून पाहतो आणि राहिलेल्या नोंदी मागाहून चढवतो. त्यामुळे कामकाजाचे एक-दोन दिवस थांबून संकेतस्थळावर आपला मालमत्ता क्रमांक टाका. आधी थकबाकी बघा, पावती नंतर. थकबाकी शून्य झाली असेल तर तुमचं काम झालं. अडलाय तो फक्त ईमेल, आणि पावती त्याच पानावरून पुन्हा उतरवून घेता येते. क्रमांक टंकताना एखादा आकडा चुकला होता का, हेही याच वेळी तपासा. शेजाऱ्याची घरपट्टी भरून स्वतःच्या पावतीची वाट बघणारे लोक असतात!

थकबाकी हलली नाही, तर आता खातेउतारा काढा. एसएमएसवर विसंबू नका, कारण परत आलेल्या पैशांचा एसएमएस कधी येतो, कधी येत नाही. उताऱ्यावर तीच रक्कम पुन्हा जमा दिसली, तर व्यवहार मोडला असं समजा. उशिरा पोचलेला व्यवहार गेटवे पुष्कळदा स्वतःच परत फिरवतो. मग मात्र घरपट्टी नव्याने भरावीच लागेल, आणि सवलत हुकली असेल तर कर विभागाकडे अर्ज करावा लागेल. ती मिळेलच, असं नाही.

पैसे परतही आले नाहीत आणि नोंदही झाली नाही, तर रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९चा नियम कामी येतो. यूपीआयने किंवा कार्डाने ऑनलाइन पैसे भरले, खात्यातून रक्कम वजा झाली, पण समोरच्याकडे ती मिळाल्याची खात्री पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत यायला हवी. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. आपल्या उदाहरणात ही मुदत ५ जूनला संपते. त्यानंतर बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येतं.

तक्रार करताना नुसता हिरव्या खुणेचा स्क्रीनशॉट कुणी धरत नाही. कर विभागाला मालमत्ता क्रमांक, तारीख-वेळ, रक्कम, ॲपमधला बारा आकडी UTR आणि खातेउताऱ्याचं ते एक पान द्या. महापालिकेच्या पानावर Order ID किंवा Transaction ID दिसला असेल तर तोही द्या. त्यांच्या यादीत शोधायला तोच सगळ्यात सोपा. हे सगळं महापालिकेच्या अधिकृत पत्त्यावरच पाठवा. गूगलवर सापडलेल्या ‘हेल्पलाइन’ला फोन केलात, तर पलीकडचा माणूस पावतीऐवजी ओटीपी मागेल.

मुद्रांक शुल्क किंवा नोंदणी फी राज्य सरकारच्या ‘ग्रास’ प्रणालीवर भरली असेल, तर शोध थोडा सोपा होतो. तिथे पैसे भरण्याआधीच GRN तयार होतो. तो टिपून ठेवला, तर gras.mahakosh.gov.in वर Search Challan मधून चलन पुन्हा काढता येतं. त्या चलनावर बँकेचा CIN छापलेला असेल, तर बँकेने रक्कम मिळाल्याचं कळवलेलं आहे. नुकत्याच भरलेल्या चलनावर ‘Not Verified with RBI’ असं दिसतं. त्याने घाबरून दुसरं चलन काढू नका, तो शेरा पुढच्या ताळमेळानंतर बदलतो. CIN ची जागा मात्र रिकामी असेल, तर त्या चलनावर दस्त नोंदवायला जाऊ नका. आधी बँकेत GRN दाखवून विचारा.