उद्घाटनाच्या पोस्ट आणि काउंटरवरची रांग

नवीन कॅफे उघडताना समाजमाध्यमांवर ज्या पोस्ट टाकल्या जातात त्यांचा क्रम आता जवळपास ठरून गेला आहे. आधी ‘लवकरच येत आहोत’, मग दिवसांची उलटमोजणी, मग फीत कापल्याचे फोटो आणि शेवटी आभार. क्रम बरोबरच आहे. बिघडते ते बहुतेकदा एका हिशेबात. पोस्ट किती लोकांना बोलावते आणि कॅफे किती लोकांना वेळेत कॉफी देऊ शकते, हे दोन आकडे एकमेकांशी ताडून पाहिलेले नसतात. त्यामुळे पहिल्याच दिवशी दारात गर्दी होते, ऑर्डर तुंबतात आणि संध्याकाळपर्यंत गूगलवर एक तारा देणारे दोन-तीन अभिप्राय येऊन पडतात.

समजा, नाशिकला कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीत २४ खुर्च्यांचे एक कॅफे शुक्रवार, ११ डिसेंबरला उघडायचे आहे. कॉफीचे एकच यंत्र, ते चालवणारी एक अनुभवी व्यक्ती आणि हाताखाली दोन नवी मुले. एस्प्रेसोचा एक शॉट उतरायला २५ ते ३० सेकंद लागतात. पूड भरणे, दूध फेसवणे आणि यंत्राची नळी पुसणे धरले तर एका कॅपुचिनोला साधारण दीड मिनिट जाते. म्हणजे तासाला ४० कप. नव्या हातांमुळे होणारा गोंधळ धरून ३० कप म्हणणे शहाणपणाचे. खुर्च्यांचा हिशेबही तसाच निघतो. एक गिऱ्हाईक पाऊण तास बसले, तर २४ खुर्च्यांवर तासाला ३२ माणसे होतात. पोस्टमालिकेतली प्रत्येक घोषणा तासाला तीस या आकड्यात बसली पाहिजे.

‘पहिल्या १०० जणांना कॉफी मोफत’ ही उद्घाटनाची सर्वांत आवडती घोषणा इथेच अडखळते. शंभर कपांना सव्वातीन तासांहून जास्त वेळ लागेल, आणि तेवढा वेळ पैसे देऊन कॉफी घ्यायला आलेला माणूस फुकटच्या रांगेमागे उभा राहील. त्याऐवजी ‘आठवडाभर रोज पहिल्या ३० जणांना कॉफीसोबत बन मस्का मोफत’ असे म्हटले, तर लोक सात सकाळींमध्ये विभागले जातात आणि कॉफीचे पैसेही मिळतात. एका बन मस्क्याला २० रुपये खर्च येतो असे धरले, तर २१० बन मस्क्यांचे ४,२०० रुपये होतात. शंभर कप फुकट वाटण्याच्या खर्चाहून हा आकडा फार वेगळा नाही. संख्या आणि मुदत मात्र पोस्टमध्ये ठळक लिहायला हवी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत आमिष दाखवणाऱ्या जाहिरातींबद्दल स्पष्ट नियम आहेत. जाहिरात केलेली वस्तू पुरवता येण्याची वाजवी शक्यता हवी, आणि साठा मर्यादित असेल तर तसे सांगितले पाहिजे. तळाशी बारीक अक्षरात ‘अटी लागू’ लिहून ही जबाबदारी टळत नाही.

उलटमोजणी सुरू करण्याआधी एक नीरस काम असते. गूगल बिझनेस प्रोफाइलवर दुकानाची नोंद करून उद्घाटनाची तारीख टाकता येते, आणि अशी नोंद त्या तारखेच्या आधी ९० दिवसांपासून लोकांना दिसू शकते. पण तिची पडताळणी व्हायला काही दिवस जातात आणि कधी दुकानाचा व्हिडिओही मागितला जातो. पोस्ट पाहून नकाशावर कॅफे शोधणाऱ्याला रिकामी गल्ली दिसली, तर ती पोस्ट वाया गेली. तारीख जाहीर करायची तीही अन्न परवाना हातात आल्यावर, यंत्र बसून त्यावर कॉफी निघाल्यावर आणि सुतार खरोखर बाहेर पडल्यावर. मुहूर्त काढून मग काम उरकणाऱ्यांची उलटमोजणी हमखास मध्येच थांबते. ‘काही अपरिहार्य कारणांमुळे’ अशी पोस्ट टाकावी लागली की आधीच्या सगळ्या पोस्टवर पाणी पडते.

उलटमोजणीत सर्रास होणारी चूक आकडा कुठे टाकायचा याची असते. इन्स्टाग्राम आपल्या मुख्य पानावर पोस्ट काळाच्या क्रमाने दाखवतेच असे नाही. शनिवारी टाकलेली ‘फक्त ६ दिवस बाकी’ ही पोस्ट एखाद्याला मंगळवारी दिसते, आणि तो रविवार-सोमवारची आशा धरून बसतो. व्हॉट्सॲपवर तर ‘उद्या या’ असा निरोप तीन दिवस पुढे पुढे जात राहतो. म्हणून दिवस मोजणारा आकडा फक्त स्टोरी आणि स्टेटसमध्ये ठेवावा, कारण ते २४ तासांत आपोआप नाहीसे होतात. स्टोरीत उलटमोजणीचा स्टिकर लावला, तर पाहणाऱ्याला आठवणही लावून घेता येते. कायम राहणाऱ्या पोस्टमध्ये मात्र वार, तारीख आणि वेळ पूर्ण लिहावी. हा मजकूर चित्रावरच हवा. चित्र पुढे पाठवले जाते तेव्हा खालची ओळ अनेकदा मागेच राहते.

कायमच्या पोस्ट रोज एक, अशा सात लागत नाहीत, चार पुरतात. प्रत्येकीने गिऱ्हाइकाच्या एकेका प्रश्नाचे उत्तर द्यावे. सात दिवस आधीची पोस्ट ‘काय आणि कधी’ सांगते. चार दिवस आधीची ‘काय मिळेल आणि कितीला’ सांगते. किमती लपवून उत्सुकता वाढते हा समज जुना आहे, पण ‘किंमत मेसेजमध्ये विचारा’ हे वाचून महाराष्ट्रातले गिऱ्हाईक सरळ महाग असणार असे धरते. अंड्याशिवायचा केक आहे का, जैन पदार्थ मिळतील का, हे प्रश्न तर येणारच. त्यांची उत्तरे याच पोस्टमध्ये दिली की पन्नास वेळा टंकण्याचे श्रम वाचतात. दोन दिवस आधीची पोस्ट वाटेची: ओळखीची खूण, कुठल्या बाजूने वळायचे, दुचाकी कुठे लावायची. आदल्या दिवसाची पोस्ट अगदी साधी असावी:

‘शुक्रवार, ११ डिसेंबर. सकाळी ८ वाजता दार उघडेल, रात्री १० ला बंद होईल. १७ डिसेंबरपर्यंत रोज पहिल्या ३० गिऱ्हाइकांना कॉफीसोबत बन मस्का आमच्याकडून. जागा लहान आहे. शनिवार-रविवारी सकाळी थोडे थांबावे लागेल. निवांत बसायचे असेल तर सोमवारी दुपारी या.’

शेवटची दोन वाक्ये मालकाला जड जातात. पण थांबावे लागेल हे आधी कळलेला माणूस रांगेत कमी चिडतो, आणि सोमवारची दुपार भरणे हेच या मालिकेचे अवघड काम आहे. शनिवारची संध्याकाळ बिनपोस्टचीही भरते.

बुधवार-गुरुवारी नातेवाईक, शेजारी आणि गल्लीतले दुकानदार यांना बोलावून चाचणी घेतात. तिची स्टोरी टाकताना ‘आमंत्रितांसाठी’ हा शब्द विसरू नये. नाहीतर दार उघडले समजून लोक येतात आणि परत जातात. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ संपर्क बसतात खरे, पण ज्यांनी कॅफेचा नंबर फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच निरोप पोहोचतो. म्हणून चाचणीला आलेल्यांकडून तिथल्या तिथे नंबर साठवून घेतलेला बरा. याच दोन दिवसांत खाद्यपदार्थांचे व्हिडिओ करणाऱ्यांनाही बोलावले जाते. त्यांना पैसे दिले असोत किंवा नुसते फुकट खाऊ घातले असो, व्हिडिओत तसे जाहीर करणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. त्यांनी ते केले की नाही हे मालकाने पाहावे, कारण नाव त्याच्याही कॅफेचे असते. व्यावसायिक खात्यावरून स्वतः रील करताना गाजलेले सिनेगीत मागे लावण्याचा मोहही टाळावा. अशा खात्यांना गाण्यांचा मर्यादित संग्रह खुला असतो आणि हक्क नसलेल्या गाण्याची रील मुकी होऊ शकते. यंत्रातून उतरणाऱ्या कॉफीचा खरा आवाज काही वाईट नसतो.

उद्घाटनाच्या दिवशी काउंटरवरच्या कोणीही फोन हातात घेऊ नये. एका भाचीकडे किंवा मित्राकडे खाते सोपवावे, मजकूर आदल्या रात्री लिहून ठेवावा आणि दिवसभरात तीनच गोष्टी टाकाव्यात: दार उघडल्याचे सकाळी, दुपारी आतला एखादा फोटो, आणि जे संपले ते संपल्याचे लगेच. ‘आजचे ३० बन मस्के संपले, उद्या सकाळी ८ पासून पुन्हा’ ही स्टोरी वेळेवर पडली तर दहा माणसांची निराशा वाचते. गिऱ्हाइकांचे चेहरे, विशेषतः लहान मुलांचे, विचारल्याशिवाय टाकायचे नाहीत. यंत्र बंद पडले किंवा वीज गेली तर तेही सरळ लिहावे: काय बंद आहे, काय चालू आहे, पुन्हा केव्हा. गप्प बसलेल्या कॅफेची बातमी गिऱ्हाईकच देते, आणि ती अधिक तिखट असते.

पुढच्या दिवसांत पोस्टचा सूर बदलायला हवा. उद्घाटन झाले हे सांगून संपले. आता एका वेळी एक पदार्थ आणि त्याची वेळ सांगायची. ‘दुपारी ३ ते ५, थालीपीठ आणि फिल्टर कॉफी’ अशी पोस्ट सकाळी अकराच्या सुमारास टाकली, तर दुपारचे बेत ठरण्याआधी ती दिसते. तिचा उपयोग झाला की नाही हे हृदयाच्या खुणा मोजून कळत नाही. त्यातल्या बऱ्याच दुसऱ्या गावच्या, किंवा दुसऱ्या कॅफेवाल्यांच्या असतात. बिल करताना ‘कुठून कळले?’ एवढे विचारून पाटी, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम आणि गूगल अशा चार रकान्यांत रेघा ओढाव्यात. रोज शंभर बिलांपैकी साठ रेघा पाटीखाली पडत असतील, तर पुढच्या महिन्याचा खर्च पाटीवरच्या दिव्यावर करावा; पैसे भरून पोस्ट पसरवण्याची तेव्हा गरज नाही.

आभाराची पोस्ट सातव्या दिवशी रात्री नव्हे, आठव्या दिवशी सकाळी टाकावी, म्हणजे आठवड्याचे आकडे हातात असतात. ‘आपल्या उदंड प्रतिसादाबद्दल’ या वाक्याने सुरू होणारी पोस्ट कोणी पुरी वाचत नाही. तिच्यात त्या आठवड्यात खरोखर घडलेले असावे:

‘सात दिवसांत २१० बन मस्के वाटले, रविवारी तर सव्वानऊलाच संपले. कोल्ड कॉफी गोड लागते असे अनेकांनी सांगितले, म्हणून साखर कमी केली आहे. शनिवारी वीस मिनिटे ताटकळलेल्या सर्वांची क्षमा. रोज पहाटे पाव पोहोचवणारे बेकरीवाले, गाड्या लावू देणारे शेजारी आणि पाटी रंगवणारे पेंटर, आभार. आजपासून वेळ सकाळी ८ ते रात्री १०. बन मस्का आता मेन्यूतल्या किमतीला मिळेल.’

या पोस्टला नवी सवलत जोडू नये. जोडली की आभार ही तिची प्रस्तावना होते. ‘पाच तारे द्या, ब्राउनी मिळवा’ असेही लिहू नये. मोबदला देऊन अभिप्राय मिळवणे गूगलच्या धोरणाविरुद्ध आहे आणि असे अभिप्राय काढून टाकले जाऊ शकतात. अभिप्राय मोबदल्याशिवाय मागायला हरकत नाही, आणि आलेल्या प्रत्येकाला, विशेषतः तक्रारीला, दोन ओळींचे उत्तर द्यावे.

त्यानंतर आवराआवर. इन्स्टाग्रामच्या पानावर वर टाचून ठेवलेल्या तीन पोस्टपैकी उद्घाटनाची काढून तिथे वेळ-पत्ता आणि किमतींसह मेन्यू ठेवायचा. बन मस्क्याच्या जुन्या पोस्टवर ‘मुदत १७ डिसेंबरला संपली’ असे लिहायचे, कारण ती जानेवारीतही कोणाला तरी दिसणार आहे. शेवटी गूगलवरची वेळ दारावरच्या पाटीशी जुळते का, ते एकदा तपासायचे.